आधी लाल चॅनल, मग ब्रश

नवरीचा फोटो संगणकावर उघडलेला आहे. हिरवा शालू, कपाळावर मुंडावळ्या, नाकात नथ आणि डावीकडच्या खिडकीतून आलेला सकाळचा प्रकाश. कोपऱ्यात दिसणारा हिस्टोग्रामही समाधानकारक वाटतो. डावीकडे केसांचा आणि मागच्या अंधाराचा मोठा ढीग, मधोमध शालूचा पसरट उंचवटा आणि उजवीकडे उतरत गेलेली बारीक शेपटी. ही शेपटी उजव्या भिंतीला जेमतेम टेकते. असा आलेख दिसला की बहुतेक जण एक्स्पोजर ठीक आहे असं समजतात आणि थेट पुटकुळ्या, डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढायला बसतात. तासाभराने लक्षात येतं की कपाळाच्या एका भागावर त्वचाच नाही, नुसता पिवळट, सपाट रंग आहे. तिथे कितीही ब्रश फिरवला तरी मेणाचा मुखवटा चढवल्यासारखं दिसतं.

हिस्टोग्राम खोटं बोललेला नसतो. आपण त्याला चेहऱ्याबद्दल विचारलेलंच नसतं. अर्ध्या उंचीच्या अशा फोटोत उघडी त्वचा चौकटीच्या जेमतेम दहाव्या भागात असते. बाकी सगळा शालू, केस, दागिने आणि पार्श्वभूमी. पूर्ण फोटोचा आलेख पाहून त्वचेचा निर्णय घेणं म्हणजे गावाची सरासरी पाहून एका घराचं उत्पन्न ठरवण्यासारखं आहे.

आलेख वाचायचा कसा, हे आधी थोडक्यात सांगतो. आडव्या रेषेवर उजेडाच्या 0 ते 255 अशा पायऱ्या असतात. 0 म्हणजे संपूर्ण काळं, 255 म्हणजे त्या रंगाला देता येईल तेवढा कमाल उजेड. उभी उंची फक्त त्या पायरीवर किती पिक्सेल आहेत ते सांगते. म्हणून उंच सुळका म्हणजे जास्त उजेड, हा समज चुकीचा. उजेड कळतो तो सुळका डावी-उजवीकडे कुठे उभा आहे त्यावरून. आणि आलेख दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी कसा संपतो, हे सर्वांत महत्त्वाचं. उतरत उतरत संपला तर माहिती शिल्लक आहे. भिंतीला चिकटून सरळ उभा राहिला, तर तिथले वेगवेगळे उजेड एकाच आकड्यात कोंबले गेले आहेत. त्यालाच क्लिप होणं म्हणतात.

आता मुद्द्याचं. रंगीत फोटोत असे तीन आलेख एकमेकांवर रचलेले असतात, लाल, हिरवा आणि निळा. माणसाची त्वचा गोरी असो, गव्हाळ असो की काळीसावळी, ती लाल प्रकाश सर्वांत जास्त परतवते, हिरवा त्याहून कमी आणि निळा सर्वांत कमी. म्हणजे त्वचेवर उजेड वाढत गेला की उजव्या भिंतीला पहिल्यांदा धडकतो तो लाल चॅनल. हिरव्याला आणि निळ्याला तेव्हा बरीच जागा उरलेली असते. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर जो एकच पांढरा आलेख दिसतो, तो बहुतेकदा तिन्हींचं वजन घालून काढलेल्या उजेडाचा असतो. त्यात हिरव्याचं वजन सर्वांत जास्त, साधारण 59 टक्के. लालचं सुमारे 30 आणि निळ्याचं 11.

आपल्या नवरीच्या कपाळाचे आकडे घेऊ. समजा, सर्वांत उजळ भागात लाल 255, हिरवा 206 आणि निळा 168 आहे. वरची वजनं लावली की एकत्र उजेड येतो 216 च्या आसपास. पांढरा आलेख सांगणार, अजून चाळीसेक पायऱ्या शिल्लक आहेत, निश्चिंत राहा. प्रत्यक्षात लाल चॅनल संपून गेलेला आहे. आणि त्वचेवरची बारीक रंध्रं, गालाची गोलाई, कपाळावरून कानशिलाकडे उतरणारा उजेड यांतला मोठा वाटा याच चॅनलमध्ये असतो.

पिवळटपणा येतो तोही इथूनच. उजेड वाढताना तिन्ही रंग एका प्रमाणात वाढले तर त्वचेचा रंग टिकतो. लाल 255 ला अडकला आणि हिरवा वाढतच राहिला, की प्रमाण बिघडतं आणि लालसर तपकिरी रंग पिवळ्याकडे सरकतो. मग रिटच करणारा तो पिवळा डाग रंगाची चूक समजून त्यावर गुलाबी रंग फिरवतो. रंगाच्या चुका वेगळ्या असतात, हा डाग एक्स्पोजरचा आहे.

म्हणून पहिलं काम, त्वचेचा स्वतंत्र हिस्टोग्राम काढणं. फोटोशॉपमध्ये यासाठी वेगळं काही लागत नाही, पण ही सोय रोज तिथे काम करणाऱ्यांनाही अनेकदा माहीत नसते. लॅसोने कपाळाचा उजळ भाग निवडा. फेदर शून्य ठेवा आणि केस, कुंकू, मुंडावळ्या निवडीत घेऊ नका. मग Window > Histogram उघडून पॅनलच्या मेनूतून Expanded View घ्या. निवड चालू असताना हा पॅनल फक्त निवडलेल्या भागाचाच आलेख दाखवतो. वरच्या Channel मध्ये Red निवडा. कोपऱ्यात छोटा त्रिकोणी इशारा दिसत असेल तर त्यावर क्लिक करा. तो असेपर्यंत आलेख साठवलेल्या लहान प्रतीवरून काढलेला असतो, क्लिक केल्यावर खऱ्या पिक्सेलवरून काढला जातो.

आता माउस आलेखाच्या उजव्या टोकाकडे न्या. खाली Level आणि Percentile हे आकडे बदलताना दिसतील. Percentile म्हणजे त्या पायरीपर्यंत, तिच्यासह, निवडीतले किती टक्के पिक्सेल येऊन गेले. समजा, Level 254 वर Percentile 81 दिसतो. मग उरलेले 19 टक्के पिक्सेल एकट्या 255 वर उभे आहेत. कपाळाचा जवळजवळ पाचवा भाग लाल चॅनलमध्ये सपाट आहे. हाच आकडा अर्ध्या टक्क्याच्या आत असता तर ती घामाची किंवा मेकअपची चमक समजून पुढे गेलो असतो. डोळ्यातला उजेडाचा ठिपका, नथीच्या मोत्यावरची चमक, ओठांवरची ओली रेघ यांनी 255 गाठलं तर चालतं, ती गाठायलाच हवी. अडचण आहे ती त्वचेचा सलग पट्टा भिंतीला टेकण्याची.

लाइटरूममध्ये अशी निवड करून आलेख बघता येत नाही, पण एक सोपी वाट आहे. फोटो तात्पुरता फक्त गालापुरता किंवा कपाळापुरता क्रॉप करा. हिस्टोग्राम क्रॉप केलेल्या भागाचाच दिसतो. वाचून झालं की क्रॉप मागे घ्या. शिवाय आलेखाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातला त्रिकोणही पाहा. तो लाल झाला तर फक्त लाल चॅनल क्लिप झालाय, पिवळा झाला तर लाल आणि हिरवा दोन्ही, पांढरा झाला तर तिन्ही. त्वचेसाठी लाल त्रिकोण ही पहिली सूचना, पिवळा दिसला तर प्रकरण हाताबाहेर जाऊ लागलंय.

भिंतीला टेकलेला लाल चॅनल परत आणता येईल की नाही, हे फाइल कोणती आहे त्यावर ठरतं. कॅमेऱ्यातला आलेख रॉ फाइलचा नसतो. रॉमधून कॅमेऱ्याने स्वतःच्या रंगसेटिंगप्रमाणे बनवलेल्या जेपेगचा तो असतो. त्यामुळे कॅमेऱ्यात लाल जळालेला दिसला तरी रॉमध्ये तो शाबूत असू शकतो. ओळखायची खूण अशी. रॉ उघडून Exposure खाली ओढा आणि आलेखाचं उजवं टोक बघत राहा. भिंत सुटून तिथे हळूहळू उतार तयार झाला, तर माहिती होती, फक्त दबलेली होती. जेपेगमध्ये असा उतार तयार होत नाही. Levels मध्ये वरची मर्यादा 255 वरून 230 केली तर तोच बारीक सुळका जसाच्या तसा 230 वर जाऊन उभा राहतो. जागा बदलली, पण सपाट भाग सपाटच राहिला आणि आता तो राखाडी-पिवळा दिसायला लागला. सरकणारा सुळका दिसला की त्या भागातली त्वचा फाइलमध्ये नाही, हे पक्कं समजावं.

रॉ असेल तरीही आधी एक्स्पोजरला हात लावू नका, व्हाइट बॅलन्स बघा. रॉमधले लाल आणि निळे आकडे व्हाइट बॅलन्सप्रमाणे गुणले जातात. फोटो जितका उबदार ठेवाल तितका लालचा गुणक मोठा. त्यामुळे अनेकदा चेहरा ओव्हर नसतोच, फोटो गरजेपेक्षा उबदार केलेला असतो आणि त्या उबेनेच लाल चॅनल भिंतीत ढकलला जातो. आपल्या नवरीच्या फोटोत समजा Temp 6200 वर आहे. मुंडावळ्यांचे पांढरे मणी पिवळसर दिसतायत, म्हणजे पुरावा फोटोतच आहे. Temp 5600 च्या आसपास आणल्यावर मणी पांढरे झाले आणि कपाळावरचा लाल उंचवटा थोडा मागे सरकला. भिंतीला टेकलेला भाग कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. मग Exposure मध्ये उणे 0.35. आता कॅमेरा रॉच्या पडद्यावर कपाळाच्या उजळ भागात साधारण 235, 185, 158 असे आकडे येतात. उजेडाकडच्या गालावर 201, 154, 130 आणि सावलीतल्या गालावर 121, 82, 67. लालच्या आलेखाला उजवीकडे उतार आला, तिन्ही रंगांचा क्रम सगळीकडे लाल, हिरवा, निळा असाच राहिला आणि उजेड-सावलीतलं अंतरही जपलं गेलं. रिटचिंग सुरू करायला ही फाइल योग्य आहे.

कपाळ 235 वर थांबवण्यामागे कारण आहे. रिटचिंगच्या शेवटी डॉज-बर्न करताना कपाळ, नाकाचा कणा, गालाचं हाड हे भाग आणखी थोडे उजळले जातात. तेवढ्यासाठी वीसेक पायऱ्या मोकळ्या हव्यात. आधीच 250 वर बसवलेली त्वचा शेवटच्या हातात पुन्हा भिंतीला टेकते आणि तोवर ती मूळची होती की आपण जाळली, हे कळायला मार्ग राहत नाही.

आकडे वाचताना एक काळजी घ्या. आयड्रॉपर एकाच पिक्सेलवर ठेवला तर एखाद्या रंध्राचा किंवा चमकेचा आकडा मिळतो आणि गोंधळ उडतो. Sample Size मध्ये 5 by 5 Average घेतलं की आकडा स्थिर होतो.

मग बरोबर आकडा कोणता, हा प्रश्न येतोच. याचं एकच उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. अँसेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी 1940 च्या सुमारास झोन सिस्टिम मांडली, तीत मधला करडा रंग पाचव्या झोनमध्ये आणि गोऱ्या युरोपीय माणसाची उजेडातली त्वचा सहाव्यात, म्हणजे एक स्टॉप वर धरली आहे. आजच्या एसआरजीबी मोजणीत 18 टक्के करडा साधारण 118 वर येतो आणि त्याच्या एक स्टॉप वरचा 162 वर. ही जागा गोऱ्या त्वचेची. गव्हाळ त्वचा मधल्या करड्याच्या आसपास किंवा किंचित वर येते. गडद सावळी त्वचा करड्याच्या एक स्टॉप खाली, म्हणजे 85 च्या जवळ असू शकते, आणि ती तिथेच बरोबर असते. रंगीत फिल्मच्या जमान्यात कोडॅकच्या शर्ली कार्डावर गोरी स्त्री असायची आणि प्रयोगशाळा छपाईचे रंग तिच्या कातडीवर जुळवायच्या. सावळे चेहरे त्यामुळे छापताना बिघडायचे. आज सावळ्या मुलीचा आलेख डावीकडे आहे म्हणून जो तो ओढून मध्यावर आणतो, तो त्याच कार्डाच्या मापाने तिला मोजतो.

म्हणून त्वचा मोजायची ती त्याच उजेडातल्या दुसऱ्या एखाद्या ओळखीच्या वस्तूच्या आधाराने. करड्या कार्डाचा एक फोटो काढलेला असेल तर फारच चांगलं. तो 118 च्या जवळ बसवा, त्वचा आपोआप आपल्या जागी येते, मग ती कुठलीही असो. कार्ड नसेल तर चेहऱ्यावरच्याच उजेडात असलेलं पांढरं कापड शोधा. साधं पांढरं सुती कापड 235 ते 245 च्या दरम्यान, पोत दिसेल असं बसलं, तर त्या शेजारची सावळी त्वचा डावीकडे आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. गडद त्वचेत आणखी एक गोष्ट बघायची, तिच्या आलेखाचा पसारा. चमकदार भाग आणि सावली यांच्यात मोठं अंतर असतं आणि ती चमकच चेहऱ्याला आकार देते. उंचवटा अरुंद, एकाच जागी आक्रसलेला दिसला, तर चेहऱ्यावर पुरेसा किंवा नीट दिशा असलेला प्रकाश पडलेला नाही. तो आलेख उजवीकडे सरकवून आकार येत नाही.

डाव्या भिंतीची गोष्ट निळ्या चॅनलची. त्वचेत निळा सर्वांत कमी, म्हणून सावलीत 0 ला पहिल्यांदा टेकतो तो निळा. हनुवटीखाली, मानेवर, केसांच्या कडेला निवड करून Blue चा आलेख बघा. तो डावीकडे चिकटला असेल आणि तो चेहरा तुम्ही रिटचिंगनंतर उजळणार असाल, तर तिथे रंगीत चट्टे उठतात. निळ्यात माहिती नव्हतीच, उजळल्यावर तिथला नॉइजच मोठा होतो. हीलिंग ब्रशने पुसलेले भाग गुळगुळीत आणि मधला भाग दाणेदार, अशी ठिगळं नंतर दिसतात. उजळायचं असेल तर ते रिटचिंगच्या आधी, रॉमध्येच, आणि नॉइजचं काम तिथेच उरकून.

यात एक अपवाद आपल्याकडे दर लग्नात भेटतो, तो हळदीचा. हळद निळा प्रकाश जवळजवळ गिळून टाकते. हळद लागलेल्या गालावर उजेड पुरेसा असला तरी निळा 0 वर आणि लाल 250 च्या पुढे असं चित्र दिसतं. हे अंडर-एक्स्पोजर नाही. तो पिवळा रंग इतका गडद असतो की एसआरजीबीच्या मर्यादेत मावत नाही. इथे एक्स्पोजर वाढवलं तर लाल जातो आणि निळा तरीही येत नाही. पिवळ्याचं सॅच्युरेशन थोडं उतरवून बघा, निळ्याचा उंचवटा भिंतीपासून सुटताना दिसेल. अशा फोटोत त्वचेचा निर्णय मात्र हळद न लागलेल्या भागावरून घ्यावा, कान किंवा मान बघावी.

लाइटरूममध्ये काम करणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण. तिथला आलेख एसआरजीबीपेक्षा बऱ्याच मोठ्या रंगव्याप्तीत काढलेला असतो. तिथे लाल भिंतीपासून दूर दिसतो आणि अल्बमसाठी एसआरजीबी जेपेग काढलं की गाल आणि ओठ क्लिप झालेले सापडतात. S दाबून सॉफ्ट प्रूफ चालू करा आणि प्रोफाइल sRGB निवडा, मग आलेख त्या प्रोफाइलप्रमाणे दिसतो. कॅमेरा रॉमध्ये खालच्या ओळीत जे रंगक्षेत्र निवडलंय त्याचाच आलेख असतो, म्हणून तिथे ही फसगत कमी होते.

हे सगळं डोळ्यांनी का करू नये, असं कुणी विचारेल. लॅपटॉपच्या पडद्याचा उजेड रात्री वाढवलेला असतो, दुपारी खिडकीशेजारी तोच कमी पडतो आणि डोळे दहा मिनिटांत जे समोर आहे त्याला सरावतात. लाल चॅनलचा आकडा दोन्ही वेळी तोच राहतो. पण हिस्टोग्रामची हद्दही ओळखली पाहिजे. फोटोग्राफरने मुद्दाम अर्धा चेहरा अंधारात ठेवला असेल तर ते आलेखाला कळत नाही. माहिती टिकली की गेली, एवढंच तो खात्रीने सांगतो. चेहरा किती उजळ हवा, हे फोटो बघूनच ठरवायचं.

आणि माहिती गेलेलीच असेल तर? जेपेगच आहे, सुळका सरकतोय, कपाळाचा पाचवा भाग सपाट आहे. अशा वेळी हिरव्या चॅनलकडे बघा. तिथे पोत शाबूत असेल तर तो उसना घेऊन लहानसा डाग झाकता येतो. डाग मोठा असेल तर रंध्रं चिकटवत बसण्यात वेळ घालवू नये. लग्नाचे फोटो एकामागोमाग एक काढलेले असतात. त्याच क्षणाचा, मान किंचित वळलेला, कपाळावर कमी उजेड असलेला फोटो फोल्डरमध्ये बहुधा असतोच. तो शोधून त्यावर काम केलेलं कधीही चांगलं. आणि रिटचिंगचं काम बाहेर देणाऱ्या फोटोग्राफरांना एक विनंती आहे. निवडलेल्या फोटोंच्या जेपेगसोबत त्यांच्या रॉ फाइलही पाठवा, आणि त्याच उजेडात काढलेला करड्या कार्डाचा एक फोटो त्यात असू द्या.